राज्यसेवा पूर्व परीक्षा: पूर्ण लांबीच्या सराव चाचण्या केव्हा सुरू कराव्यात आणि किती अंतराने द्याव्यात?

मुठाकाठची

नमस्कार. मी नवी पेठेतील एका अभ्यासिकेत राज्यसेवा पूर्व परीक्षेची तयारी करते. परीक्षेला साधारण पाच महिने आहेत. इतिहास आणि राज्यव्यवस्था हे विषय दोनदा वाचून झाले आहेत, भूगोल निम्म्यावर आला आहे, अर्थव्यवस्थेला नुकताच हात घातला आहे, आणि पर्यावरण व सामान्य विज्ञान अजून तसेच पडून आहेत. चालू घडामोडी रोज थोड्या थोड्या चालू असतात.

आमच्या अभ्यासिकेत याबाबत दोन तट आहेत. एका गटाचे म्हणणे असे की आजपासूनच दर रविवारी शंभर प्रश्नांचा पूर्ण पेपर सोडवावा, म्हणजे भीती जाते. दुसरा गट म्हणतो की अभ्यासक्रम पूर्ण झाल्याशिवाय पेपराला हात लावू नये, नाहीतर मनोधैर्य खचते. दोन्ही गटांतील काही जण पूर्व परीक्षा उत्तीर्ण झालेले आहेत आणि काही झालेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून काहीच ठरवता येत नाही. माझा प्रश्न इतकाच आहे की सुरुवात केव्हा करावी हे कशावरून ओळखावे, आणि नंतर दोन चाचण्यांत किती अंतर असावे. कोणती टेस्ट सिरीज घ्यावी हा प्रश्न मी विचारत नाही.

रविवारचा परीक्षार्थी

परीक्षेच्या आधी नव्वद दिवस सुरुवात करावी आणि एकूण चाळीस पेपर सोडवावेत. जितके पेपर अधिक तितका हात बसतो, हे सरळ आहे. मी हेच करत आहे.

अनघा द.

मी पहिल्या आठवड्यापासूनच पूर्ण पेपर दिले आणि त्याचा मला फायदाच झाला. आयोग एखाद्या घटकावर प्रश्न कोणत्या अंगाने विचारतो हे कळल्यावर पुस्तक वेगळ्या नजरेने वाचले जाते. जोड्या लावा, अयोग्य विधान ओळखा, कालानुक्रम लावा, या प्रकारांची सवय वाचन संपल्यानंतर लावायची असेल तर तोवर उशीर झालेला असतो. गुण कमी येतात म्हणून घाबरणारे लोक परीक्षेतही घाबरतात.

पेठेतला जुना

मी स्वतः मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलेला माणूस आहे, आणि गेली काही वर्षे एका अभ्यासिकेत मुलामुलींच्या सराव उत्तरपत्रिका त्यांच्याबरोबर बसून तपासतो. त्यावरून माझे एक मत झाले आहे, ते थोडे विस्ताराने मांडतो.

पूर्ण लांबीची चाचणी दोन गोष्टी एकदम मोजते. एक म्हणजे तुम्हाला किती येते, आणि दुसरी म्हणजे जे येते आणि जे अर्धवट येते त्याचे दोन तासांत तुम्ही काय करता. पहिली गोष्ट मोजायला पूर्ण चाचणी लागत नाही. ते काम पंचवीस प्रश्नांची घटकनिहाय चाचणी अधिक स्वस्तात करते, कारण ती अर्ध्या तासात संपते आणि चुका त्याच दिवशी पुस्तकात शोधता येतात. पूर्ण चाचणीची खरी गरज दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. म्हणून सुरुवात केव्हा करायची याचे उत्तर कॅलेंडरात शोधण्यापेक्षा चुकांच्या स्वरूपात शोधावे, असे मी सांगतो.

एक उदाहरण देतो. आमच्याकडील एका मुलीने परीक्षेच्या सुमारे चार महिने आधी पहिली पूर्ण चाचणी दिली. तिने ८४ प्रश्न सोडवले, त्यांपैकी ४९ बरोबर आणि ३५ चूक निघाले. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि चुकीला अर्धा गुण वजा, म्हणजे ९८ मधून १७.५ गेले आणि ८०.५ उरले. ती गुणांवरून खट्टू झाली होती. मी तिला म्हणालो की गुण बाजूला ठेवू आणि जे ५१ प्रश्न हातून गेले, म्हणजे चुकलेले आणि सोडलेले मिळून, त्यांच्यापुढे कारण लिहू. कारणे चारच ठेवली: तो भाग वाचलेलाच नव्हता, वाचला होता पण आठवला नाही, दोन पर्यायांपर्यंत आली आणि चुकीचा निवडला, किंवा प्रश्नच नीट वाचला नाही. न वाचलेल्या भागाचे २९ निघाले, न आठवलेले ११, निवड चुकलेले ८ आणि वाचण्यातील गफलतीचे ३.

५१ पैकी २९ प्रश्न तिने कधी न वाचलेल्या पानांवरचे होते. याचा अर्थ पुढच्या रविवारी आणखी एक पूर्ण पेपर दिला असता तरी त्याने तिला हेच सांगितले असते की पर्यावरण आणि विज्ञान राहिले आहे, जे तिला न पेपर देताही ठाऊक होते. म्हणून आम्ही पाच आठवडे पूर्ण चाचण्या बंद ठेवल्या आणि राहिलेले विषय घटकनिहाय चाचण्यांसह संपवले. त्यानंतर त्याच मालिकेतील चाचणीत तिने ८२ सोडवले, ५४ बरोबर, २८ चूक, गुण ९४. गुणांतील वाढ साडेतेराच होती, आणि पाच आठवड्यांच्या कष्टांच्या मानाने तिला ती थोडी वाटली. पण हातून गेलेल्या ४६ प्रश्नांची कारणे पाहा: न वाचलेले १३, न आठवलेले १७, निवड चुकलेले १२, गफलतीचे ४. आता बहुतेक नुकसान आठवण्यात आणि निवडण्यात होत होते, आणि या दोन्ही गोष्टी केवळ पूर्ण चाचणीतच नीट दिसतात. तेव्हापासून तिने दर आठवड्याला एक पेपर सुरू केला.

थोडक्यात माझा ढोबळ नियम असा आहे की हातून गेलेल्या प्रश्नांत ‘वाचलेच नव्हते’ या कारणाचा वाटा एक तृतीयांशाच्या खाली आला की नियमित पूर्ण चाचण्या सुरू कराव्यात. मुठाकाठची यांनी जी स्थिती सांगितली आहे त्यावरून त्यांचा हा वाटा सध्या बराच मोठा असणार. आज एक पेपर द्यायला हरकत नाही, पण तो एकच.

चहाबाज

आणि पेपर संपल्यावर टपरीवर उत्तरे जुळवू नयेत, हा नियम यात जोडावा. तेथे प्रत्येक प्रश्नाला चारही पर्याय बरोबर निघतात, आणि सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचे उत्तर अंतिम उत्तरतालिकेत जाते.

रविवारचा परीक्षार्थी

जुने साहेब, आपला अनुभव मोठा आहे, पण कारणे लिहीत बसण्यात जो वेळ जातो त्या वेळात एक अख्खा पेपर आणखी होतो. चुका उत्तरतालिकेवरून कळतातच की.

पेठेतला जुना

चूक कोणती झाली ते उत्तरतालिकेवरून कळते, का झाली ते कळत नाही. दोन तासांच्या पेपरचे विश्लेषण नीट केले तर माझ्या पाहण्यात चार ते पाच तास लागतात, कारण त्यात केवळ चुकलेले प्रश्न नसतात. नशिबाने बरोबर आलेलेही तपासावे लागतात आणि चुकलेल्या घटकाचे पान पुन्हा उघडावे लागते. म्हणून आठवड्यात किती चाचण्या द्याव्यात याचे माझे उत्तर असे की जितक्यांचे विश्लेषण पुढच्या चाचणीच्या आत पूर्ण होते तितक्याच. चाळीस पेपर देणाऱ्यांच्या कपाटात मी पुष्कळदा तीस न उघडलेल्या उत्तरतालिका पाहिल्या आहेत. एक खूण सांगतो. मागच्या चाचणीत चुकलेला घटक या चाचणीतही त्याच कारणाने चुकला, आणि असे चार-पाच प्रश्न निघाले, तर तुमचे अंतर फार कमी आहे असे समजावे.

अनघा द.

तरीही मी माझ्या मतावर आहे. ‘वाचलेच नव्हते’ म्हणून पेपर पुढे ढकलणारे लोक अभ्यासक्रम संपण्याची वाट पाहत बसतात, आणि या परीक्षेचा अभ्यासक्रम कधीच संपत नाही. तुमचा एक तृतीयांशाचा नियम शिस्तीच्या माणसाला उपयोगी आहे. चालढकल करणाऱ्याला तो उत्तम निमित्त देतो.

पेठेतला जुना

यात तथ्य आहे. म्हणून मी नियमाला एक कुंपण घालतो: परीक्षेला दहा आठवडे उरले की वाटा कितीही असो, दर पंधरा दिवसांनी एक पूर्ण चाचणी सुरू करावीच. फक्त तुमच्या पहिल्या आठवड्याच्या सल्ल्याबद्दल एक शंका आहे. आपण आधी केंद्राच्या परीक्षेची तयारी केली होती असे दुसऱ्या एका धाग्यावर वाचल्याचे आठवते. तसे असेल तर आपला पहिला आठवडा खऱ्या अर्थाने पहिला नव्हता.

अनघा द.

होय, केली होती. तो मुद्दा मान्य आहे. पण प्रश्नांच्या धाटणीबद्दलचे माझे म्हणणे त्यामुळे बदलत नाही.

कात्रजचा बाबा

माझी मुलगी बारावीला आहे आणि नीट देणार आहे. तिच्या क्लासमध्ये दिवाळीपासून दर रविवारी ७२० गुणांचा पूर्ण पेपर घेतात, आणि घरी येऊन ती रडते. वरील नियमाप्रमाणे मी तिचे पेपर बंद करावेत का?

गणिताचे मास्तर

बाबा, हा धागा राज्यसेवेचा आहे आणि दोन्ही परीक्षांची ठेवण वेगळी आहे. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. त्यांतील ९० एकट्या जीवशास्त्राचे असतात, आणि निम्मा, म्हणजे अकरावीचा, अभ्यासक्रम तिचा आधीच झालेला असतो, त्यामुळे तेथे पूर्ण पेपरातील कोणता भाग मोजायचा हे ठरवता येते. पेपर बंद करण्यापेक्षा एकूण गुण न पाहता झालेल्या प्रकरणांपुरतेच गुण वेगळे काढा आणि आठवड्यागणिक तेवढेच पाहा. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे, तेव्हा त्या काळात अंतर वाढवण्याबद्दल क्लासशी बोला. अधिक चर्चेसाठी वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जुन्या साहेबांनी दिलेल्या उदाहरणात मला एक माहिती हवी आहे. त्या मुलीने खात्रीने, अर्धवट खात्रीने आणि अंदाजाने सोडवलेले प्रश्न वेगळे नोंदवले होते का?

पेठेतला जुना

हो, प्रश्नपुस्तिकेत प्रश्न क्रमांकाशेजारी खूण करायला मी सर्वांनाच सांगतो. खात्री असेल तर एक टिंब, दोन पर्यायांत अडकले तर दोन टिंबे, आणि केवळ अंदाज असेल तर फुली. ९४ गुणांच्या चाचणीत तिचे एक टिंबाचे ४० पैकी ३६ बरोबर, दोन टिंबांचे २७ पैकी १४ बरोबर आणि फुलीचे १५ पैकी ४ बरोबर होते.

रविवारचा परीक्षार्थी

मग तर सरळच आहे. फुलीचे पंधरा प्रश्न सोडायला हवे होते. अंदाजाने ठोकल्याने निगेटिव्हमध्ये माणूस बुडतो, हे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो.

गणिताचे मास्तर

येथेच थोडे थांबू या. फुलीचे चार बरोबर म्हणजे आठ गुण, आणि अकरा चूक म्हणजे साडेपाच वजा. त्या पंधरा प्रश्नांनी तिला अडीच गुण मिळवून दिले, बुडवले नाही. आयोगाच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होतात, म्हणून पाचांत एक बरोबर आला तरी नफा-तोटा शून्य होतो. केंद्रीय नागरी सेवेच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश वजा होतात, तेथे चारांत एक यावा लागतो, आणि चार पर्यायांत डोळे मिटून केलेला अंदाजही सरासरीने तेवढाच येतो. तेथील सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा उचलला जातो.

पण याचा उलटा निष्कर्षही काढू नका. एका चाचणीतील पंधरा फुल्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. चाराऐवजी दोन बरोबर आले असते तर अडीच गुणांचा नफा जाऊन त्याच जागी अडीच गुणांचा तोटा झाला असता, आणि असा फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो. फुल्यांवर हात टाकायचा की नाही हे ठरवायला निदान पाच-सहा चाचण्यांतील फुल्या एकत्र मोजाव्या लागतात, आणि त्या चाचण्या अभ्यास बराचसा स्थिर झाल्यानंतरच्या असाव्या लागतात. अभ्यासाच्या सुरुवातीची फुली आणि शेवटची फुली यांत फरक असतो. नंतरच्या फुलीमागे न आठवणारे का होईना, वाचन असते.

म्हणून ‘किती चाचण्या’ याचे माझे उत्तर येथून येते. वाचन बऱ्यापैकी झाल्यानंतर सहा ते आठ चाचण्या या मापनासाठी पुरतात. त्यानंतरच्या चाचण्या सवय टिकवण्यासाठी असतात, आणि त्यांची संख्या कितीही वाढवली तरी नवे काही कळत नाही.

रविवारचा परीक्षार्थी

एक चतुर्थांश आणि एक तृतीयांश हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, तो मान्य. तरी परीक्षेत फुल्या मारताना जो वेळ जातो त्याचे काय? शंभर प्रश्नांना एकशेवीस मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच गोळे रंगवायचे. चाळीस पेपरांचा माझा आग्रह या वेगासाठी होता.

गणिताचे मास्तर

वेगाचा मुद्दा खरा आहे आणि तेथे तुमचे बरोबर आहे. वेग वाचनाने येत नाही, सरावानेच येतो. मात्र त्यासाठी दर वेळी पूर्ण पेपर लागत नाही. पन्नास प्रश्न एका तासात सोडवले तरी तोच वेग मोजला जातो. पूर्ण पेपरात त्याखेरीज जे दिसते ते शेवटच्या अर्ध्या तासातील थकव्याचे परिणाम. शेवटच्या पंचवीस प्रश्नांत एक टिंबाच्या चुका वाढत असतील तर तो थकवा समजावा, आणि गोळे दर पानाला रंगवायचे की शेवटी एकदम, याचा निर्णय त्यावरून घ्यावा.

हिंजवडीहून

नोकरी करणाऱ्यांचे कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. मला पूर्ण चाचणीसाठी फक्त रविवार मिळतो. मी आधी रात्री दहा वाजता पेपर सोडवत असे, पण त्या गुणांवरून काही अंदाज बांधता येत नव्हता, कारण त्या वेळी मेंदू दिवसभराच्या कामाने आधीच दमलेला असतो. आता रविवारी सकाळी दहा ते बारा पहिला पेपर आणि दुपारी तीन ते पाच सी-सॅट, अशा प्रत्यक्ष परीक्षेच्याच वेळा पाळतो. सोमवार ते गुरुवार रोज एक तास विश्लेषण करतो, आणि पुढचा रविवार चाचणीविना वाचनासाठी ठेवतो. म्हणजे पंधरवड्याला एक. यापेक्षा जास्त मला जमत नाही. वरील चर्चा वाचून असे वाटते की जमवायची गरजही नसावी.

मुठाकाठची

सर्वांचे आभार. सी-सॅटचा उल्लेख आला म्हणून विचारते. मी कला शाखेची आहे आणि गणिताची मला धास्ती वाटते. सी-सॅटच्या पूर्ण चाचण्याही शेवटच्या दहा आठवड्यांतच सुरू कराव्यात का?

पेठेतला जुना

नाही, सी-सॅटला हा नियम लागू होत नाही. वाचून संपवण्याजोगा अभ्यासक्रम त्यात नाही, त्यामुळे ‘वाचलेच नव्हते’ हे कारण तेथे जवळजवळ नसते. सी-सॅटची एक पूर्ण चाचणी तुम्ही याच आठवड्यात द्यावी असे मी सुचवतो. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. अडीच गुणांच्या हिशेबाने २७ प्रश्न बरोबर आणि एकही चूक नाही, तर ६७.५ होतात. प्रत्यक्षात चुका होतातच, म्हणून सरावात नेहमी ९०च्या वर राहणाऱ्याने निश्चिंत असावे आणि महिन्यातून एकदाच पेपर द्यावा. ७०च्या आसपास घुटमळणाऱ्याने मात्र आजपासून दर पंधरवड्याला द्यावा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जाग आल्यावर उताऱ्यांचा वेग वाढवायला वेळ उरत नाही, आणि सी-सॅटमध्ये उताऱ्यांवरचेच प्रश्न निम्म्याहून अधिक असतात. गणिताची धास्ती असणारे पुष्कळ जण उताऱ्यांवरच तरून जातात.

अनघा द.

पूर्वी सी-सॅटचे गुण गुणवत्तेत धरत असत तेव्हा आम्ही दर आठवड्याला देत होतो. आता तो केवळ उत्तीर्ण होण्यापुरता झाल्यामुळे मुले त्याकडे पाहतही नाहीत, आणि पहिल्या पेपरात चांगले गुण असूनही बाहेर पडतात. या बाबतीत जुन्या साहेबांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि हे मी क्वचितच म्हणते.

सदाशिव पेठी

कोणीच न काढलेला प्रश्न मी काढतो. तुम्ही सर्व जण ‘परीक्षेच्या आधी दहा आठवडे’ म्हणता, पण परीक्षा ठरलेल्या दिवशी होते हे तुम्हाला कोणी सांगितले? २०२४ची पूर्व परीक्षा २८ एप्रिलला होणार होती, ती पुढे पुढे ढकलली जात १ डिसेंबरला झाली. २०२५ची २८ सप्टेंबरला होती, ती राज्यातील अतिवृष्टी आणि पुरामुळे अगदी तोंडावर पुढे गेली आणि ९ नोव्हेंबरला झाली. दहा आठवड्यांचे वेळापत्रक करून शेवटच्या आठवड्यात दोन दोन पेपर सोडवून बसलेल्या माणसाने मग काय करायचे? साठ्यातले सगळे पेपर तर संपलेले असतात.

रविवारचा परीक्षार्थी

शास्त्री रस्त्यावर जायचे आणि घोषणा द्यायच्या.

चहाबाज

घोषणांचा तरी सराव पूर्ण लांबीचा झालेला असतो.

पेठेतला जुना

सदाशिव पेठी यांचा प्रश्न या धाग्यातील सर्वांत व्यवहारी प्रश्न आहे. माझ्या पाहण्यात परीक्षा पुढे गेल्यावर दोन प्रकारचे नुकसान होते. काही जण त्याच जोरात आठवड्याला दोन पेपर सोडवत राहतात. महिन्याभरात त्यांचे गुण वाढणे थांबते आणि मग उतरू लागतात, कारण पेपर सोडवण्याच्या भरात उजळणी मागे पडलेली असते. ‘वाचले होते पण आठवले नाही’ हे कारण पुन्हा वाढू लागले की हे ओळखावे. दुसरे काही जण पेपर पूर्णपणे सोडून देतात, आणि परत बसतात तेव्हा वेग गेलेला असतो. परीक्षा सहा आठवड्यांपेक्षा जास्त पुढे गेली तर मी लगेच पंधरवड्याला एक चाचणी या अंतरावर परत यायला सांगतो, आणि मोकळा झालेला वेळ उजळणीला द्यायला सांगतो. शिवाय २०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा तो वेळ उत्तरलेखनालाही देता येतो. नवी तारीख जवळ आली की पुन्हा दर आठवड्याला एक.

साठ्याबद्दल सांगायचे तर खरा तुटवडा आयोगाच्या स्वतःच्या पेपरांचा असतो, क्लासच्या पेपरांचा नसतो. आजच्या धाटणीचे, म्हणजे सी-सॅट आल्यानंतरचे पेपर २०१३पासूनचेच आहेत, त्यामुळे ते मोजकेच आहेत. ते सुरुवातीलाच वेळ लावून सोडवून टाकले की प्रश्न ओळखीचे होतात आणि मग त्यांच्यावरून काहीच मोजता येत नाही. म्हणून जुने पेपर प्रश्नांची धाटणी कळावी म्हणून आताच, वेळ न लावता, पुस्तक शेजारी ठेवून वाचावेत. येथे अनघाताईंचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. शेवटच्या चार वर्षांचे मात्र उघडू नयेत. ते शेवटच्या पाच आठवड्यांत सोडवावेत, आणि त्यांतीलही एक परीक्षा पुढे गेली तर हाताशी असावा म्हणून राखून ठेवावा. तपासताना अंतिम उत्तरतालिकाच घ्यावी, कारण पहिल्या तालिकेतील काही उत्तरे हरकतींनंतर बदलतात आणि काही प्रश्न रद्दही होतात.

अनघा द.

अर्धेच मान्य केलेत. धाटणी दर काही वर्षांनी बदलते. शेवटची चार वर्षे लपवून ठेवली तर मुले जुन्या धाटणीवर वाचन करतील आणि शेवटच्या महिन्यात त्यांना कळेल की आयोग आता वेगळे विचारतो. माझ्या मते अगदी ताजा पेपर सर्वांत आधी वाचावा आणि त्याच्या मागचे तीन राखून ठेवावेत.

पेठेतला जुना

ताजा पेपर राखण्याचे माझे कारण असे की क्लासचे पेपर बहुधा आयोगापेक्षा अधिक तपशिलांचे आणि कठीण असतात, त्यामुळे परीक्षेच्या जवळ स्वतःला पारखायला ताज्या पेपराइतके खरे माप मिळत नाही. तुमच्या म्हणण्यातही जोर आहे. यावर आपले एकमत होईल असे दिसत नाही.

हिंजवडीहून

क्लासच्या पेपरांच्या काठिण्याबद्दल एक जोडतो. दोन वेगवेगळ्या मालिकांतील गुणांची तुलना करू नये. मी एका मालिकेत शंभराच्या वर असतो आणि दुसरीत ऐंशीला असतो, आणि दोन्ही पेपर एकाच महिन्यातले आहेत. तुलना करायची तर एकाच मालिकेतील आपल्याच मागच्या चाचणीशी करावी.

मुठाकाठची

सर्वांचे वाचून मी माझे असे ठरवले आहे. येत्या रविवारी सकाळी एक पूर्ण पेपर देईन आणि हातून गेलेल्या प्रश्नांपुढे कारणे लिहीन. गुण पाहणार नाही असे लिहिणार होते, पण ते खोटे ठरेल. दुपारी तीनला सी-सॅट देईन. त्यानंतर भूगोल, अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि विज्ञान होईपर्यंत पहिल्या पेपराच्या पूर्ण चाचण्या बंद, फक्त घटकनिहाय पंचवीस प्रश्न, आणि पंधरवड्याला एक सी-सॅट. दहा आठवडे उरल्यावर पंधरवड्याला एक, शेवटचे पाच आठवडे दर आठवड्याला एक, अशी चढण ठेवीन. अखेरच्या आठवड्यात चाचणी द्यावी की नाही हे मात्र मला अजून कळलेले नाही.

पेठेतला जुना

शेवटची चाचणी परीक्षेच्या पाच-सहा दिवस आधी द्यावी, म्हणजे तिचे विश्लेषण पूर्ण होऊन दोन-तीन दिवस निव्वळ उजळणीला राहतात. पाच आठवड्यांपैकी मधल्या दोन आठवड्यांत, उजळणी मागे पडत नसेल तर, आठवड्याला दोन दिल्या तरी चालतील. त्यापलीकडे नको.

रविवारचा परीक्षार्थी

मी परीक्षेच्या आदल्या दिवशीही एक देणार आहे. हात गरम राहतो.

गणिताचे मास्तर

आदल्या दिवशीच्या पेपरात ऐंशी गुण आले तर रात्री काय करायचे, हे आधी ठरवून ठेवा.

रविवारचा परीक्षार्थी

ऐंशी येणार नाहीत, मास्तर. तरी पाहतो. तोवर कपाटातल्या उत्तरतालिकांचे काहीतरी करावे लागेल.